दोन सेकंदांनी आलेले उत्तर

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी दुपारी बेल वाजली की दार उघडण्यापूर्वीच बाहेर कोण आले आहे ते कळते. कुरियरवाला एकदाच, पण बोट न उचलता वाजवतो. शेजारचे काका अगदी हलकेच, जणू बेललाच संकोच वाटावा असे वाजवतात. आणि आत्याची खूण म्हणजे एक टण, मधे थोडी विश्रांती आणि दुसरी टण. ती विश्रांती ऐकूनच आई आतून म्हणते, ‘‘वन्सं आल्या बघ.’’ आवाज त्याच एका बेलचा असतो, ओळख पटते ती मधल्या रिकाम्या जागेवरून. परवा भर दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत, आत्याची ती विश्रांती कानावर आली आणि का कोण जाणे, मला एकदम काजवे आठवले.

लहानपणी शाळेला सुटी लागली की आम्ही महूच्या पुढे काकांच्या शेतावर जात असू. पाऊस तोंडावर आलेला असे, हवा दमट, आणि विहिरीभोवतीच्या झाडांत रात्री काजवे पेटत. बाटलीत कोणाचे किती आहेत याचीच आम्हा भावंडांत स्पर्धा. ते उघडझाप कशी करतात याकडे कोणाचेच लक्ष नसे. बाटलीतले काजवे थोड्या वेळाने कसेही लुकलुकत, मग काकू ओरडे आणि झाकण उघडावे लागे. पुढे कधीतरी वाचनात आले की काही जातींच्या काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे प्रश्नोत्तरे असतात, आणि तेव्हापासून तो विषय मनातून गेलेला नाही.

ही प्रश्नोत्तरे सगळ्यांत नीट तपासली गेली ती अमेरिकेत, फोटिनस पायरॅलिस या तिथल्या अगदी सामान्य काजव्यावर. संध्याकाळी नर गवतावरून हातभर उंचीवर उडत असतो. उडता उडता तो थोडा खाली येतो, पुन्हा वर उचलला जातो, आणि वर जाताना साधारण अर्धा सेकंद पेटतो, त्यामुळे अंधारात उजेडाचा गळासारखा एक आकडा ओढल्यासारखा दिसतो. मग पाचसहा सेकंद काही नाही, आणि पुन्हा तोच आकडा. मादी गवताच्या पात्यावर बसलेली असते, ती शक्यतो उडत नाही. तिने नराची चमक पाहिली आणि तिला उत्तर द्यावेसे वाटले तर ती सुमारे दोन सेकंद थांबते आणि एकदाच चमकते. नर तिच्या दिशेने वळतो, जवळ येतो, पुन्हा विचारतो, ती पुन्हा दोन सेकंदांनी सांगते. असे काही वेळा झाले की तो जवळच कुठेतरी उतरतो आणि उरलेला रस्ता पायी काटतो.

यात मला जे सर्वांत विलक्षण वाटते ते असे, की मादीच्या चमकेत स्वतःचे असे फारसे काही नसते. एक साधा, छोटा उजेड. तिच्या इतर अनेक नातलग जातींतल्या माद्याही जवळपास तशीच चमक देतात. ती कोणत्या जातीची आहे हे त्या उजेडात लिहिलेले नसून, नराच्या चमकेनंतर किती वेळाने तो आला यात लिहिलेले असते. म्हणजे नराने आपण केव्हा चमकलो याचा हिशेब मनात ठेवला पाहिजे, नाहीतर उत्तराला अर्थच उरत नाही. जॉन बक यांनी 1937 साली या जातीच्या इशाऱ्यांवर लिहिले तेव्हाच या दोन सेकंदांचे महत्त्व पुढे आले होते, आणि त्यासाठी फारसे उपकरणही लागत नाही. गवताजवळ एक लहानसा टॉर्च धरायचा, नर चमकला की दोन सेकंद मोजायचे आणि टॉर्च क्षणभर लावून बंद करायचा; नर सरळ टॉर्चकडे येतो. तोच टॉर्च लगेच लावला, किंवा फार उशिरा लावला, तर तो ढुंकूनही पाहत नाही.

यातून आणखी एक गोष्ट आपोआप सुटते. समजा शेतात दोन नर आहेत, पहिला चमकला आणि एका सेकंदाने दुसरा. मादीने पहिल्याला पाहून दोन सेकंदांनी उत्तर दिले. ते उत्तर दुसऱ्यालाही दिसते, पण त्याच्या हिशेबाने ते एकाच सेकंदात आलेले असते, म्हणून ते त्याचे नव्हे. पहिल्याच्या हिशेबाने ते बरोबर दोन सेकंदांवर पडते, म्हणून ते त्याचे. एकाच उजेडाचा अर्थ दोघांना वेगळा कळतो, आणि त्यासाठी मादीला काहीही जास्त करावे लागत नाही. (लग्नाच्या पंगतीत ‘अहो’ अशी हाक आली की चार जण वळून पाहतात, काजव्यांत ही पंचाईत दिसत नाही.)

पण मादीने तरी नराला ओळखावे कशावरून? पायरॅलिसच्या बाबतीत एकच चमक असते, तेव्हा तिची लांबी महत्त्वाची. काही जातींत मात्र नर जोडचमक देतो, आणि तिथे आत्याच्या बेलसारखीच मधली विश्रांती बोलते. फोटिनस मॅकडर्मोटी या जातीचा नर दोनदा चमकतो आणि त्या दोन चमकांत सुमारे दोन सेकंदांचे अंतर असते; मादी दुसऱ्या चमकेनंतर जवळपास एका सेकंदाने उत्तर देते. तिच्याच गोतातल्या ग्रीनी या जातीतही जोडचमकच, पण मधले अंतर साधारण सव्वा सेकंदाचे. फ्लोरिडा विद्यापीठातले जेम्स लॉइड हे या विद्येतले सर्वांत मोठे नाव. 1966 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या फोटिनसवरच्या प्रबंधात अशा अनेक जातींचे नमुने रात्री-रात्री कुरणांत उभे राहून मोजलेले आहेत. जोडचमक देणाऱ्या जातीतल्या मादीपुढे टॉर्चच्या दोन चमका धरल्या तर ती प्रामुख्याने मधले अंतर तपासते. अंतर जुळले तर उत्तर, नाही तर ती अंधारात गप्प. पहिल्या चमकेनंतर ती काहीच बोलत नाही, दुसरीची वाट पाहते. म्हणजे पहिली चमक हा केवळ घड्याळ सुरू करण्याचा इशारा ठरतो.

येथे हवामान आडवे येते. काजवा आपल्यासारखा गरम रक्ताचा नाही, थंडी पडली की त्याचे सगळेच मंदावते. गारव्याच्या रात्री नराच्या दोन चमकांतले अंतर लांबते, उकाड्यात ते आखडते. मग गारठलेल्या रात्री सव्वा सेकंदाचे दोन सेकंद होऊन मादी फसत कशी नाही? ती फसत नाही, कारण तीही त्याच हवेत बसलेली असते. तिचे आतले घड्याळही त्याच प्रमाणात हळू चालते, आणि तिची अपेक्षाही त्याबरोबर लांबते. फसतो तो मोजणारा माणूस. म्हणून या कामाला जाणाऱ्याकडे घड्याळाइतकाच तापमापक आवश्यक, आणि तापमान न लिहिता नोंदवलेले सेकंद जवळजवळ निरुपयोगी ठरतात. घरी बसून कौतुक करणाऱ्या माझ्यासारख्याला ही काळजी नाही, पण हा नेमका तपशीलच मला सर्वांत आवडतो.

मेलेल्या काजव्यांचा प्रश्न वेगळा आहे. हर्बर्ट बार्बर हे अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ. फोट्युरिस या वंशातले काजवे टाचणीला टोचून ठेवले की एकमेकांसारखेच दिसतात, संग्रहालयातल्या पेटीत त्यांना वेगळे करणे फार अवघड, हे त्यांच्या ध्यानात आले होते. जिवंत असताना मात्र त्यांच्या चमकांचे नमुने स्पष्टपणे निराळे असतात. बार्बर यांनी त्या चमकांवरून जाती वेगळ्या केल्या, आणि ते काम त्यांच्या निधनानंतर 1951 मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाला शरीरावरून जे ओळखता येत नव्हते ते काजव्यांना अंधारात पहिल्यापासून ओळखता येत होते, याचे मला फार हसू येते.

आणि ज्या खुणेवर इतका भरवसा, तिची नक्कल होणारच. याच फोट्युरिसच्या काही माद्या गवतात बसून फोटिनसच्या नराला त्याच्याच मादीच्या वेळेने उत्तर देतात. तो भाळून जवळ येतो आणि ती त्याला धरून खाते. लॉइड यांनी 1965 मध्ये हे जगापुढे मांडले, आणि पुढे दहा वर्षांनी असेही दाखवले की फोट्युरिसची एकच मादी समोरच्या नराची जात पाहून उत्तर बदलते, म्हणजे तिच्याकडे एकापेक्षा अधिक जातींच्या वेळा असतात. तिला केवळ पोट भरायचे नसते. फोटिनसच्या अंगात एक कडवट विषारी द्रव्य असते, त्यामुळे कोळी आणि पक्षी त्याला टाळतात. फोट्युरिसला ते स्वतः फारसे तयार करता येत नाही, ती ते खाऊन मिळवते, हे थॉमस आइस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये सिद्ध केले. अर्थात बहुतेक नर तिच्या तावडीत सापडत नाहीत. जवळ येणारा नर थांबत थांबत, अंतर राखून उतरतो आणि पुन्हा विचारून खात्री करून घेतो. घाई करणाऱ्याचे काय होते ते सांगायला नको.

या सगळ्या व्यवहाराची एकच अट असते, ती म्हणजे अंधार. मादीची चमक मंद असते, आणि सतत जळणाऱ्या दिव्याच्या उजेडात ती नराला दिसेनाशी होते. नराचा प्रश्नही तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. उजळलेल्या कुरणात माद्या कमी वेळा उत्तर देतात, असे प्रयोगांत दिसले आहे. काकांच्या शेतावर आता विहिरीजवळ खांबावर मोठा एलईडी दिवा बसवलेला आहे, आणि तो रात्रभर जळतो. मागच्या वेळी गेलो तेव्हा मी मोठ्या उत्साहाने काकूला हे सारे समजावून सांगितले, दोन सेकंदांचा हिशेब, तापमान, फोट्युरिस, सगळे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘अरे बाळा, विहिरीवर रात्री मोटार चालू करायला कोण जाते? मीच ना? तिथे साप निघतात.’’ दिवा चालूच राहिला. तिचेही बरोबर आहे.