आमची वाटचाल : दोन शिखरांच्या गुणोत्तरावरून ग्राफिन ओळखताना

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबकच्या नळ्या आणि प्लॅस्टिकच्या चटया बनवणारे कारखाने पूर्वीपासून आहेत आणि त्यांना प्लॅस्टिकला काळा रंग देण्यासाठी लागणारे दाणे, म्हणजे काळा मास्टरबॅच, पुरवणे हाच आमच्या छोट्या कारखान्याचा मूळ धंदा. स्थिर वीज साठू न देणाऱ्या प्लॅस्टिकची मागणी पुण्याकडच्या ग्राहकांकडून येऊ लागली, तेव्हा आम्ही कार्बन ब्लॅकच्या जोडीला ग्राफिनची, म्हणजे कार्बन अणूंच्या षटकोनी जाळीच्या अतिपातळ थरांची, भुकटी वापरायला घेतली आणि पुढे ती स्वतःच बनवू लागलो. आज आमच्याकडे दोन प्रकारचा माल तयार होतो. पहिला, ग्रॅफाइट द्रवात घुसळून सुटे केलेले पातळ पापुद्रे. दुसरा, ग्रॅफाइटचे ऑक्सिडीकरण करून मिळालेल्या ग्राफिन ऑक्साइडमधला ऑक्सिजन ॲस्कॉर्बिक आम्लाने काढून केलेले क्षपित ऑक्साइड.

या धंद्यात उतरल्यावर ग्राहकाचा पहिला प्रश्न भावाचा नसतो, ‘डी-जी किती?’ हा असतो. भुकटीवर लेझरचा झोत टाकला की परतणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा भाग बदललेल्या ऊर्जेने विखुरतो. हेच रामन विकिरण. त्याच्या वर्णपटात कार्बनची दोन मोठी शिखरे दिसतात. प्रति सेंटिमीटर १५८० च्या आसपासचे जी शिखर जवळजवळच्या कार्बन अणूंच्या जोड्या ताणल्या-आखडल्याने येते, त्यामुळे ते चांगल्या-वाईट सगळ्या ग्राफिनमध्ये असते. १३५० च्या आसपासचे डी शिखर सहा अणूंच्या कड्याच्या फुगण्या-आकसण्याचे असते. निर्दोष जाळीत संवेगाच्या नियमामुळे ते दिसू शकत नाही. जाळीत दोष किंवा कडा असेल तरच संवेगाची तूट भरून निघते आणि शिखर उमटते. म्हणून डीच्या उंचीला जीच्या उंचीने भागले की अव्यवस्थेचा अंदाज येतो. १९७० मध्ये टुइन्स्ट्रा आणि कोनिग यांनी दाखवले की हे गुणोत्तर सुव्यवस्थित तुकड्याच्या आकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. ५१४ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरसाठी ४.४ ला गुणोत्तराने भागले की तो आकार नॅनोमीटरमध्ये मिळतो.

पापुद्र्यांच्या बाबतीत हा हिशोब बिनतक्रार चालला, फक्त लेझर कोणता ते विचारावे लागले. आमचे मोजमाप एका विद्यापीठाच्या हिरव्या लेझरच्या यंत्रावर होते. एका ग्राहकाने तोच माल ६३३ नॅनोमीटरच्या लाल लेझरवर तपासला आणि गुणोत्तर आमच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त असल्याचे कळवले. मालात काही फरक नव्हता. कमी दोषांच्या ग्राफिनमध्ये हे गुणोत्तर तरंगलांबीच्या चौथ्या घातानुसार वाढते. ६३३ भागिले ५१४ चा चौथा घात सुमारे २.३ येतो, आणि दोन अहवालांतला फरकही तेवढाच होता.

खरा पेच क्षपित ऑक्साइडने टाकला. एका लॉटमध्ये क्षपणाआधी गुणोत्तर ०.९५ होते, क्षपणानंतर ते १.२५ झाले. ग्राहकाच्या खरेदी विभागाने ‘१ पेक्षा कमी’ अशी अट घातलेली असल्यामुळे लॉट परत आला. अमळनेरहून आमच्याकडे कामाला येणाऱ्या ऑपरेटरने अहवाल पाहून सरळ विचारले, “भाऊ, आकडा वाढना म्हंजे माल बिघडना का?” शंका रास्त होती, पण त्याच भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या वेगळेच सांगत होत्या. क्षपणाआधीची वडी मल्टीमीटरवर वीज वाहूच देत नव्हती आणि नंतरची सहज वाहू देत होती. वरच्या सूत्राने तुकड्यांचा आकार काढला तर तो ४.६ वरून ३.५ नॅनोमीटरवर घसरलेला येतो, म्हणजे माल बिघडलेला असताना वीज मात्र सुधारलेली. दोन्ही एकदम खरे असणे कठीण होते.

उलगडा त्या विद्यापीठातल्या प्राध्यापक मॅडमनी केला. दोष वाढत गेले की डी आधी वाढतो, पण कायम वाढत नाही. प्रत्येक दोषाभोवतीचा सुमारे ३ नॅनोमीटर त्रिज्येचा परिसर डी शिखराला हातभार लावतो. हे परिसर एकमेकांत शिरेपर्यंत डी चढतो. त्यापुढे दोष इतके दाट होतात की सहा अणूंची सलग कडीच मोडू लागतात, आणि ज्यांच्या फुगण्याने डी येतो तीच उरली नाहीत तर डी उतरतो. जीला कडे लागत नाही, जोडी पुरते, म्हणून तो टिकून राहतो. त्यामुळे गुणोत्तराचा आलेख डोंगरासारखा आहे आणि एकच आकडा त्याच्या दोन्ही उतारांवर सापडतो. फेरारी आणि रॉबर्टसन यांनी २००० मध्ये हे दोन टप्पे मांडले. साधारण २ नॅनोमीटरपेक्षा लहान तुकड्यांसाठी गुणोत्तर आकाराच्या वर्गाच्या समप्रमाणात असते, आणि ५१४ च्या लेझरला त्याचा गुणक ०.५५ आहे. या सूत्राने आमच्या लॉटचा आकार १.३ वरून १.५ नॅनोमीटर झाला. आकडा वाढला, कारण कडी पुन्हा जुळू लागली होती.

मग आपण कोणत्या उतारावर आहोत हे कसे कळावे? उत्तर शिखरांच्या रुंदीत मिळते. अर्ध्या उंचीवर मोजलेली जी शिखराची रुंदी चांगल्या ग्रॅफाइटमध्ये प्रति सेंटिमीटर १५ च्या जवळपास असते. आमच्या ऑक्साइडमध्ये ती ९० होती, म्हणजे आम्ही डोंगराच्या पलीकडच्या, फार बिघडलेल्या बाजूला होतो. क्षपणानंतर ती ७० वर आली. गुणोत्तर वाढत असताना रुंदी कमी होत असेल, तर माल सुधारतो आहे. गुणोत्तर आणि रुंदी दोन्ही वाढत असतील, तर मात्र दोष वाढत आहेत असे समजावे. माझ्या मते खरेदीच्या अटीत रुंदीचा उल्लेख नसेल, तर गुणोत्तराची अट घालण्यात अर्थ नाही.

रुंदीमुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली. काही प्रयोगशाळा शिखरांची उंची भागतात, काही क्षेत्रफळ. आमच्या त्या ऑक्साइडचा डी १४० रुंद होता, जी ९०. शिखरांचा आकार सारखा मानला तर उंचीने आलेले ०.९५ क्षेत्रफळाने जवळजवळ दीड होते. शिवाय ऑक्साइडवर झोत तीव्र पडला तर लेझरच्या उष्णतेनेच त्याचे क्षपण सुरू होते. एकाच ठिकाणी लागोपाठ दोनदा मोजून वर्णपट बदलतो का ते पाहिले की हे ओळखता येते. बदलला तर शक्ती मिलिवॉटच्याही खाली आणून नव्या ठिकाणी मोजायचे. झोताचा ठिपका जेमतेम मायक्रोमीटरभराचा असल्याने भुकटीच्या एका ठिकाणच्या आकड्यावर आम्ही लॉट ठरवत नाही. अनेक ठिकाणी मोजून मधला आकडा आणि पसारा दोन्ही लिहितो.

परत आलेला लॉट त्याच ग्राहकाने वडीचा रोध आणि जीची रुंदी पाहून नंतर स्वीकारला. आता आमच्या चाचणीपत्रावर लेझरची तरंगलांबी, उंची की क्षेत्रफळ, जीची रुंदी आणि गुणोत्तर या क्रमाने नोंदी असतात. पापुद्र्यांसाठी आम्ही गुणोत्तराची वरची मर्यादा लेखी देतो. क्षपित ऑक्साइडसाठी ती देत नाही. तिथे रुंदीची मर्यादा आणि वडीचा रोध देतो, आणि कोणी तरीही ‘१ पेक्षा कमी’ मागितलेच तर त्यांना क्षपण न केलेल्या ऑक्साइडचा अहवाल सोबत पाठवतो, कारण त्या अटीत तोच बसतो.