अ‍ॅम्प्लिफायर रेंडर, नोंद 3 : काळ्यावर काळं नॉब कसं दिसणार?

मागच्या नोंदीत मॉडेल पुरं झालं होतं. 200 मिलिमीटर रुंदीचा टेबलावरचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, पुढे ब्रश केलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, मधोमध मोठं नॉब, त्याभोवती क्रोमची बारीक कडी, आणि बाकीचा डबा मॅट काळा. चारही फिनिश एकाच वस्तूवर आणायचे हा हट्ट माझाच. ब्लेंडर या 3D सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या सायकल्स इंजिनवर रेंडर करतोय.

पहिल्या रेंडरमध्ये नॉब गायबच झालं. काळं अ‍ॅनोडाइझ केलेलं नॉब आणि काळा डबा, दोन्ही मिळून स्क्रीनवर एकच भोक. कडी हवेत तरंगतेय असं वाटत होतं. दोन संध्याकाळी मी नुसते स्लायडर सरकवण्यात घालवल्या. मग लॅपटॉप मिटला आणि वही काढली.

आता प्रत्येक फिनिशसाठी आधी शब्दांत उत्तरं लिहायची सवय लावलीय. प्रश्न तीनच. चमक कुठल्या दिशेला पसरते? चमकेचा रंग कुणाचा, दिव्याचा की वस्तूचा? आणि कडेवर काय होतं? हे लिहिता आलं नाही तर समजायचं की ती वस्तू आपण अजून नीट बघितलेलीच नाही. मी तरी बघितली नव्हती.

बघायला म्हणून कुपवाड एमआयडीसीत ओळखीच्या एका छोट्या मशीन शॉपवर गेलो. तिथे बिघडलेल्या जॉबचा एक ट्रे असतो, त्यातले तुकडे मागून आणले. शॉपवाल्यांना मी काका म्हणतो. त्यांनी एक काळा अ‍ॅनोडाइझ केलेला आणि एक काळा पावडर कोटिंगचा असे दोन तुकडे हातावर ठेवले आणि म्हणाले, "नुसतं बघू नकोस, कडेवरनं नख फिरव." अ‍ॅनोडाइझच्या कडेला नख अडकलं. पावडर कोटिंगची कड मात्र साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत वळलेली होती.

कारण साधं आहे. अ‍ॅनोडाइझिंगमध्ये वरून काही फासत नाहीत. सल्फ्युरिक आम्लाच्या टाकीत अ‍ॅल्युमिनियमचा जॉब अ‍ॅनोडला लावतात आणि त्याच्याच अंगावर ऑक्साइडचा सच्छिद्र थर वाढतो. त्या छिद्रांत रंग भरायचा आणि नंतर छिद्रं बंद करायची, की झालं. शोभेच्या कामात हा थर साधारण 10 ते 15 मायक्रॉनचा असतो, त्यामुळे खालची कड जशीच्या तशी राहते. पावडर कोटिंगचा थर 60 ते 100 मायक्रॉनचा, तोही भट्टीत वितळून पसरलेला. तो कड झाकतो आणि पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखे मंद उंचवटे ठेवतो.

म्हणजे माझ्या "काळ्यावर काळं" या अडचणीचं अर्धं उत्तर मटेरियलमध्ये नव्हतंच, ते मॉडेलच्या कडेत होतं. डब्याचं बेव्हल 0.8 मिलिमीटर केलं, नॉबचं 0.1. शिवाय नॉबच्या वरच्या कडेला 45 अंशांचा, 0.4 मिलिमीटरचा चॅम्फर काढून त्याला वेगळं मटेरियल दिलं, उघड्या अ‍ॅल्युमिनियमचं. खऱ्या नॉबवर तो चॅम्फर अ‍ॅनोडाइझ झाल्यावर पुन्हा कापतात, म्हणून तिथे पांढरी लखलखीत रेघ दिसते. ही रेघ आली आणि नॉब अंधारातून वर आलं.

उरलेलं अर्धं रंगात होतं, आणि तिथे माझी चूक ढळढळीत होती. "धातू आहे ना, मग `Metallic` 1" म्हणून मी `Base Color` 0.005 ठेवला होता. धातूच्या मटेरियलमध्ये समोरून परतणारा सगळा प्रकाश बेस कलरच्याच प्रमाणात येतो. म्हणजे हजारातले पाच भाग. खरा काळा अ‍ॅनोडाइझ असा नसतो. रंगवलेला थर आतल्या धातूपर्यंत गेलेला प्रकाश गिळतो हे खरं, पण ऑक्साइडच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा प्रकाश आत न जाताच परततो. अपवर्तनांक 1.65 धरला तर समोरून सुमारे 6 टक्के. आणि हा प्रकाश दिव्याच्या रंगाचा असतो, थराच्या नव्हे.

म्हणून नॉबच्या बाजूंना `Metallic` शून्य केलं, `IOR` 1.65, `Roughness` 0.32 आणि रंग जेमतेम 0.01. ऐकायला विचित्र वाटेल, धातूचा भाग आणि धातू बंद! पण काळ्यात आतला धातू दिसतच नाही, त्याचा उपयोग फक्त रफनेसपुरता. डब्याला `IOR` 1.5, म्हणजे समोरून 4 टक्के, `Roughness` 0.6 आणि रंग 0.025. गंमत अशी की मॅट काळ्याचा स्वतःचा रंग जास्त उजळ ठेवावा लागतो. तिरप्या नजरेला तो राखट होतो, आणि तसाच व्हायला हवा. आमच्या गाडीचा डॅशबोर्ड उन्हात बघा, काळा म्हणून घेतला आणि दुपारी राखाडी दिसतो.

हा नियम काळ्यापुरताच. तुलनेसाठी नॉब मोरपंखी केलं तर `Metallic` 1 हवंच, कारण तिथे प्रकाश रंगीत थरातून जाऊन धातूवर आपटून परत येतो आणि चमकसुद्धा मोरपंखी होते. तोच मोरपंखी रंग ऑइलपेंटने मारला असता तर चमक पांढरी राहिली असती. वहीतल्या दुसऱ्या प्रश्नाचं हे उत्तर. रंगीत अ‍ॅनोडाइझचे बरेच रेंडर प्लॅस्टिकसारखे का दिसतात, त्याचं कारणही मला इथेच सापडलं.

आता ब्रश फिनिश. यात सगळ्यांत जास्त वेळ गेला आणि सगळ्यांत जास्त मजा आली. पट्टीवर रेघा आडव्या आहेत. मग दिव्याची चमक कशी पसरेल? मी आधी आडवी लिहिली होती. चूक. रेघ म्हणजे बारीक नाली. नालीच्या लांबीत पृष्ठभाग गुळगुळीत असतो, रुंदीत चढउतार असतात. प्रकाश विखुरतो तो रुंदीच्या दिशेनं, म्हणून आडव्या रेघांवर चमक उभी ताणली जाते. पटत नसेल तर तेल लावून विंचरलेल्या केसांकडे बघा. केस वरून खाली असतात आणि चमकेचा पट्टा आडवा जातो.

नॉबचा माथाही आता चॅम्फरसारखा उघड्या अ‍ॅल्युमिनियमचा केलाय. त्यावर रेघा गोल गोल आहेत, लेथवर फेसिंग केल्यासारख्या. तिथे चमक केंद्रातून बाहेर, समोरासमोरच्या दोन पंख्यांसारखी उघडते. याचा नमुना शोधायला कुठे जावं लागलं नाही, गणपती पेठेतून आणलेल्या स्टीलच्या डब्याचं झाकण पुरलं. ट्यूबखाली झाकण फिरवलं तर रेघा फिरतात, पंखा मात्र जागचा हलत नाही. आईनं विचारलं, "झाकणात काय बघतोयस एवढं?" दहा मिनिटं समजावलं. ऐकून घेऊन तिनं झाकण मागून घेतलं आणि पोह्यांवर ठेवलं.

माथ्याचं मटेरियल शेवटी असं ठरलं:

```
Metallic            1.0
Base Color          0.91 0.92 0.92
Roughness           0.30
Anisotropic         0.80
Anisotropic Rotation 0.0
Tangent             Radial, Z
```

पंख्याऐवजी गोल कडं दिसलं तर `Anisotropic Rotation` 0.25 करायचं. पूर्ण 1 म्हणजे एक फेरा, तेव्हा 0.25 म्हणजे काटकोन. आकडा पाठ करण्यात अर्थ नाही, झाकण समोर ठेवा आणि जुळवा. नॉबच्या मेशच्या बाउंडिंग बॉक्सचा मध्य मात्र बरोब्बर अक्षावर हवा, नाहीतर पंखा एका बाजूला सरकतो. माझा सरकला होता.

रेघा प्रत्यक्ष काढायच्या की नाही? सुरुवातीला मी पट्टीवर ताणलेलं नॉइज टेक्स्चर थेट बंपला जोडलं होतं. जवळून झकास. लांबून सगळीकडे पांढरे ठिपके, आणि कॅमेरा जरा हलवला की पट्टी नुसती लवलवते. हिशेब केला: 200 मिलिमीटरची पट्टी 1920 पिक्सेलमध्ये, म्हणजे एका पिक्सेलला जवळपास 0.1 मिलिमीटर. खरी रेघ त्याहून बारीक. जी रेघ पिक्सेलमध्ये मावतच नाही ती बंपनं दाखवायला गेलं की नुसते ठिपके दिसतात. तेवढ्या अंतरावर चमक एकाच दिशेनं ताणणारी अ‍ॅनिसोट्रॉपीच रेघांचं काम करते. नॉइज आता फक्त `Roughness` ला जोडलाय, X ला 1 आणि Y ला 200 स्केल, 0.26 ते 0.36 एवढ्याच फरकात. क्लोज-अपच्या कॅमेऱ्यासाठी बंपचं वेगळं मटेरियल ठेवलंय, अगदी हलकं.

क्रोमबद्दल थोडंच. क्रोमला स्वतःचं वर्णन नाही, तो खोलीचं वर्णन करतो. रंग 0.55 च्या आसपास, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमपेक्षा बराच गडद, `Roughness` 0.03. हे आकडे टाकूनही माझी कडी राखाडी प्लॅस्टिक दिसत होती, कारण सीनमध्ये सगळीकडे पांढरंच होतं. क्रोमला काळं काहीतरी दाखवावं लागतं. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन काळे प्लेन उभे केले, वर एक लांबट एरिया लाइट. कडीवर पांढऱ्याला लागून काळी धार आली आणि ती ओली दिसायला लागली. एवढ्यानं काम झालं. फक्त ते काळे प्लेन डब्यावरची चमकही खातात, म्हणून डब्यासाठी मागून एक दिवा वाढवावा लागला.

सध्याची अवस्था: 512 सँपल, डीनॉइझर बंद. डीनॉइझर लावला की संत्र्याची साल पुसली जाते आणि डबा रबरी दिसतो. चालू ठेवायचाच असेल तर सँपल वाढवूनच.

एक गोष्ट अडली होती, ती परवा सुटली. नॉबच्या माथ्याच्या अगदी मध्यावर एक घाणेरडा काळपट ठिपका येत होता. रेडियल टँजंटला केंद्रावर दिशाच नसते, तिथे गणित कोलमडतं. दोन दिवस मेश तपासत बसलो. मग काकांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "लेथवर पण मध्यात तसंच होतं. टूल सेंटरला नसलं की बोंडी राहते. आम्ही तिथे छोटा खड्डा मारतो." मीही 1.5 मिलिमीटर व्यासाचा उथळ खड्डा मारला, त्यात अ‍ॅनिसोट्रॉपी शून्य केली. ठिपका गेला. आता त्या खड्ड्यात कडीचं बारीकसं प्रतिबिंब पडतंय, ते ठेवावं की काढावं हे अजून ठरत नाहीये.