०.९३ चा सहसंबंध तपासताना लेखा विभागाने मला रखडवले ते असे

दावा असा होता: साठ महिन्यांचा जाहिरातीवरचा खर्च आणि साठ महिन्यांची विक्री यांचा सहसंबंध ०.९३, म्हणून जाहिरातीमुळे विक्री वाढते, म्हणून खर्च दुप्पट करा. विपणन प्रमुख म्हणाले, "यात तपासायचं काय राहिलंय? आकडा समोर आहे." तरी तपासायचे काम माझ्याकडे आले.

पहिला भाग फारसा जड गेला नाही. दोन्ही मालिका पाच वर्षे वर चढत होत्या, आणि सतत चढत्या कुठल्याही दोन मालिकांचा सहसंबंध बहुधा मोठाच येतो. १९२६ साली यूल या संख्याशास्त्रज्ञाने इंग्लंड-वेल्समधली १८६६ ते १९११ ची आकडेवारी घेऊन हे दाखवले होते. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागणाऱ्या लग्नांचे प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ निघाला. दोन्ही घसरत होते, एवढेच. प्रमुखांना जुने उदाहरण पटेना, म्हणून त्यांच्यासमोरच एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या मालिका बनवल्या:

```
import numpy as np
r = []
for i in range(1000):
    a = np.random.normal(0.5, 1, 60).cumsum()
    b = np.random.normal(0.5, 1, 60).cumsum()
    r.append(np.corrcoef(a, b)[0, 1])
print(np.mean(np.array(r) > 0.9))
```

बहुतेक जोड्या ०.९ च्या वर गेल्या. ते गप्प झाले, पण "आमचे आकडे खरे आहेत" हे पालुपद काही सोडले नाही.

मग चढ काढून टाकला. म्हणजे विक्रीऐवजी मागच्या महिन्यापेक्षा झालेला फरक घेतला, खर्चाचाही तसाच. सहसंबंध ०.६ च्या आसपास उरला. इथे बरेच जण थांबतात आणि "बघा, अजून आहेच" म्हणतात. पण हंगामात दोन्ही एकदम वाढतात, हंगाम सरला की दोन्ही एकदम उतरतात. म्हणून प्रत्येक महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केली. उरला ०.१. अठ्ठेचाळीस फरकांमध्ये एवढा सहसंबंध नुसत्या योगायोगानेही येतो.

यानंतर जे झाले त्याचा राग अजून गेलेला नाही. मालिका मागेपुढे सरकवून पाहत होतो. आधी खर्च आणि मग विक्री, या दिशेने कुठेच काही दिसेना. उलट दिशेने, म्हणजे विक्रीतली वाढ आधी आणि खर्चातली वाढ नंतर असे धरले, की बरोबर बारा महिन्यांच्या अंतरावर सहसंबंध ०.८ वर उसळायचा. एवढे नेमके अंतर बाजारातून येत नाही, कुठल्या तरी नियमातून येते. लेखा विभागाला साधा प्रश्न पाठवला: जाहिरातीचे बजेट कोण ठरवते आणि कशावरून?

उत्तर आले की ही माहिती विपणन विभागाकडे मिळेल. विपणन म्हणाले, रक्कम लेखा विभाग देतो, आम्ही फक्त खर्च करतो. परत लेखा विभाग. आता त्यांना अर्ज हवा, अर्जावर प्रमुखांची सही हवी, आणि प्रमुखांना बजेटचा प्रश्न दाव्याशी "अप्रस्तुत" वाटत होता. सही झाली तेव्हा आले काय, तर खर्चाच्या आकड्यांचा तोच तक्ता, जो माझ्याकडे पहिल्यापासून होता. पुन्हा लिहिले की आकडा नको, आकडा काढायची रीत हवी. मग शांतता. माझ्या मते या तपासणीत खरी मेहनत गणिताची नसतेच, हा एक कागद मिळवण्याची असते.

शेवटी तिथल्याच एका बाईंनी जुने परिपत्रक काढून दिले. मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या विक्रीचा ठरावीक टक्का, हेच या तिमाहीचे जाहिरात बजेट. म्हणजे विक्री वाढली म्हणून वर्षाने खर्च वाढत होता. बाण उलटा होता! वाचून झाल्यावर मी चक्क दोनदा टेबलावर थाप मारली.

एक आधी सांगायला हवे होते: सहसंबंध काढण्याआधी दोन्ही मालिका आलेखावर काढा, आणि प्रत्येक मालिकेचा आकडा कोण ठरवतो हे पहिल्याच दिवशी विचारा. माणसाने ठरवलेली मालिका असेल तर उलटा बाण आधी शोधावा.

यातून जाहिरात निरुपयोगी ठरत नाही, हेही प्रमुखांना लिहून दिले. जाहिरातीचा परिणाम हळूहळू, वर्षानुवर्षे साठत असेल, तर फरक घेताना तोही चढाबरोबर पुसला जातो. आणि खर्च कायम विक्रीच्या मागे बांधलेला असेल, तर त्या आकड्यांत जाहिरातीचा स्वतःचा परिणाम वेगळा काढायला फारशी जागाच राहत नाही. त्यासाठी विक्रीशी संबंध नसलेल्या कारणाने खर्च बदलायला हवा. म्हणून सुचवले की चिठ्ठ्या टाकून विक्रीचे निम्मे प्रदेश निवडा, तिथे दोन तिमाह्या जाहिरात थांबवा आणि उरलेल्या प्रदेशांशी तुलना करा. तो प्रस्ताव सध्या लेखा विभागाच्या मंजुरीसाठी गेला आहे.