एकशेवीस शब्दांची चौकट

जेवणाची सुट्टी संपून डबा अजून धुवायचाच होता, तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. "मार्चच्या अंकात एक छोटंसं टाका. चार नवीन लोक आलेत त्यांचं स्वागत आणि आपले दहा लाख तास विनाअपघात झाले त्याचं अभिनंदन. एकाच चौकटीत बसवा. एकशेवीस शब्दांत."

एकशेवीस हा आकडा माझ्याच कर्माचं फळ आहे. आमची गृहपत्रिका म्हणजे मधोमध घडी घातलेला एक कागद, चार पानं. लोक ती घरी नेतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मग एकदा कॅन्टीनमध्ये भज्यांखाली ती दिसली आणि तेव्हापासून मी पहिलं पान बेसिनच्या वर भिंतीलाच चिकटवायला लागले. हात धुऊन पुसेपर्यंत माणूस तिथे उभा राहतो आणि तेवढ्या वेळात जेवढं वाचून होतं, त्याला मी एकशेवीस शब्द म्हणते. नव्या माणसाचा फोटो तिथे लागला की संध्याकाळपर्यंत तो ओलाही होतो.

स्वागताचा मजकूर सोपा असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी नावं लिहून दाखवावीत. आमच्याकडे यादी येते इंग्रजी अक्षरांत. त्यात ळ नाही, ण नाही, ट आणि त एकाच घरात नांदतात. मग तो काळे की काले? गोळे की गोले? ढोले, धोले की ढोळे? पोळ लिहावं आणि तो पोल निघावा, किंवा उलट. पूर्वी मी अंदाजाने लिहायचे. एका गृहस्थांचं आडनाव मी असं काही छापलं की निवृत्त होईपर्यंत त्यांना त्याच नावाने हाक मारली गेली. ते हसायचे, पण माझ्याशी बोलताना जरा कमीच. तेव्हापासून मी वही घेऊन शेडमध्ये जाते आणि ज्याचं त्याच्याकडून मराठीत लिहून घेते. 'आमच्या कुटुंबात सहर्ष स्वागत' हे वाक्य मात्र मी कधीच लिहीत नाही. कुटुंबात हजेरीचं कार्ड पंच करावं लागत नाही आणि उशीर झाला तर अर्धा दिवस कापत नाहीत. माझी ही खोड साहेबांना माहीत आहे, ते आता वाद घालत नाहीत.

तर दहा लाख तास. ऐकायला भव्य वाटतं, म्हणून कागदावर मांडून पाहिलं. आमच्याकडे सगळे मिळून १८० माणसं. आठ तासांची पाळी धरली तर दिवसाला १,४४० तास. दहा लाखांना त्याने भागलं की ६९४ कामाचे दिवस. महिन्याला सव्वीस धरले तर सव्वादोन वर्षं होतात. ओव्हरटाइम मोजला तर थोडं अलीकडे येईल. फाटकाजवळच्या काळ्या फळ्यावर वॉचमनमामा रोज सकाळी खडूने विनाअपघात दिवसांचा जो आकडा लिहितात तो वेगळा, कारण त्यात रविवारही असतात. त्या दिवशी तिथे ८१२ होतं. मामांचा आठ म्हणजे दोन लाडू एकावर एक.

तो फळा पाहिला की मला गावातल्या शाळेचा दरवाजा आठवतो. तिथेही असाच काळा पट्टा रंगवलेला होता. वर सुविचार, खाली 'पट ४२, हजर ३९'. रोज आकडा बदलण्याचं काम आळीपाळीने असायचं आणि ज्याच्याकडे खडू, तो त्या दिवशीचा राजा. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी मात्र गुरुजी स्वतः लिहायचे, 'हजर ४२'. मग धाकटी भावंडं बोलावली जात. माझा चार वर्षांचा भाऊ तिसरीच्या बाकावर दुसऱ्याच कुणाचं नाव घेऊन बसला होता. साहेबांनी नाव विचारल्यावर त्याने खरं सांगितलं, वर "हे माझं नाव नाही, पण आज हेच आहे" असं स्पष्टीकरणही दिलं. साहेब हसले. गुरुजी दोन दिवस आमच्या आळीतून गेले नाहीत.

पुढे एका कारखान्यात असताना तोच बाक मला पुन्हा दिसला. तिथे साचा उचलताना एकाच्या पायावर साच्याची कड आली. बुटाची टोपी लोखंडी होती म्हणून बोटं राहिली, पण वर दोन टाके पडले आणि पाऊल सुजून वांग्यासारखं झालं. त्याला घरी झोपायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी तो पाळीवर आला नाही तर वाया गेलेल्या वेळेचा अपघात धरावा लागणार आणि फळा शून्यावर जाणार. शिवाय आकडा ठरावीक टप्प्याला पोचला की प्रत्येकाला एक डिनर सेट मिळणार होता. म्हणून त्याला कंपनीच्या गाडीने आणलं, स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं, पायाखाली खोका दिला आणि नटबोल्ट वेगळे करायला सांगितलं. असे तीन दिवस. कायद्याच्या वहीतही ते बसत नव्हतं, कारण तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ८८ खाली ज्या दुखापतीने माणूस अठ्ठेचाळीस तास किंवा जास्त काम करू शकत नाही तिची खबर द्यावी लागायची. हा तर खुर्चीवर बसून काम करत होता! त्याला साहेबांनी सांगितलं नव्हतं. त्याच्या सोबत्यांनीच सांगितलं होतं, डिनर सेटसाठी.

तेव्हापासून मोठा आकडा दिसला की मी त्याच्याबरोबर छोटे आकडे शोधते. प्रथमोपचाराच्या पेटीतल्या पट्ट्या महिन्याला किती संपल्या? 'थोडक्यात वाचलो' अशा चिठ्ठ्या किती आल्या? फळा वर चढतोय, पट्ट्याही संपतायत आणि चिठ्ठ्या मात्र शून्य, असं असेल तर ते सुरक्षित नाही, गप्प आहे. आमच्याकडे गेल्या महिन्यात अकरा चिठ्ठ्या होत्या. त्यातली एक नुसतंच 'जिना निसरडा, भजी' अशी होती. मला बरं वाटलं.

आता चार नवीन माणसं. एक फोर्कलिफ्टवर, एक वेल्डिंगला, एक स्टोअरमध्ये आणि एक आयटीआय करून आलेली मुलगी पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर. वही घेऊन मी तिच्याकडे गेले तेव्हा ती जुन्या प्रेसजवळ उभी राहून नुसतं पाहत होती. तिच्या डोक्यावर हिरवं हेल्मेट, आमच्याकडे पहिले तीन महिने नव्याला हिरवं असतं. त्या प्रेसला दोन बटणं आहेत, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे साचा मिटताना दोन्ही हात बाहेर असणार. नव्या यंत्रात दोन बटणांमध्ये अर्ध्या सेकंदाहून जास्त अंतर पडलं तर यंत्र हलत नाही आणि प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही सोडावी लागतात. फार जुन्या यंत्रांत एवढी हुशारी नसते. मग कुणीतरी घाईत एका बटणात लाकडाची पाचर बसवतो, एक हात मोकळा होतो आणि पत्रा सरळ करायला तो हात नेमका आत जातो. आमच्या जुन्या प्रेसचं पॅनेल गेल्या वर्षी बदललं. पण बटणाच्या कडेला पाचरेचा घासलेला चट्टा अजून आहे, बोटाने लागतो. तिने तोच चट्टा दाखवून विचारलं, "मॅडम, हे कशानं झालं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, आधीच्या ठिकाणी शिकाऊ असताना तिला पाचर लावायला शिकवलंच होतं. वाईट हेतूने नव्हे, "असं केलं की लवकर होतं बाळा" असं प्रेमाने. जो स्वागत करतो तोच पाचर हातात देतो, आणि पहिल्या आठवड्यात नव्या माणसाची नाही म्हणायची टाप नसते. टोरोंटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ या संस्थेने पूर्वीच दाखवून दिलंय की वर्षाहून जुन्या कामगारापेक्षा पहिल्या महिन्यातल्या माणसाला काम बुडवणारी दुखापत होण्याचा धोका तिपटीहून जास्त असतो. वय कितीही असो. पन्नाशीचा अनुभवी माणूसही नव्या शेडमध्ये नवाच असतो, त्याला खड्डा कुठे आहे ते ठाऊक नसतं.

म्हणजे साहेबांनी जागा वाचवायला ज्या दोन बातम्या एका चौकटीत कोंबल्या, त्या मुळात एकमेकींच्या शेजारणी होत्या. फळ्यावरच्या आकड्याला सगळ्यांत जास्त धोका या चार जणांचा, आणि या चौघांनाही त्याच आकड्याचा.

हे माझं मला सुचलेलं नाही. वहीत नाव लिहून झाल्यावर, पेनचं टोपण लावता लावता ती मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्यामुळे तो फळ्यावरचा आकडा शून्य झाला, तर मला काढतील का?"

मला एकदम त्या खुर्चीतल्या माणसाचा पाय आठवला. मी म्हटलं, "लागलं तर आधी सांगायचं. आकडा मामा लिहितात, त्यांना पुन्हा एकपासून लिहिता येतं." ती हसली. तिला पटलं की नाही कुणास ठाऊक. काढणार नाहीत हे मी ठामपणे म्हणाले नाही, हे मला टेबलाशी परत आल्यावर जाणवलं. मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तेवढं एक वाक्य छापायची परवानगी मागितली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "शब्द बसतायत का बघा."

बसत नव्हते. आधी 'दैदीप्यमान' काढला. मग 'घोडदौड', मग 'सर्वांच्या अथक परिश्रमाने'. ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ आहे, ते सगळ्यांना माहीतच असतं, तेही गेलं. चौकट शेवटी अशी झाली: चार फोटो, खाली चार नावं, ज्याने त्याने स्वतः लिहून दिलेली. प्रत्येकाच्या पुढे शेड, यंत्र आणि अडलं तर कुणाला विचारायचं त्या जुन्या माणसाचं नाव. हिरवं हेल्मेट दिसलं तर घाई करू नका, एवढी एक ओळ. दहा लाख तास झाले, त्यातल्या 'थोडक्यात वाचलो' लिहिणाऱ्या अकरा जणांचे आभार. आणि दुखापत सांगितल्याबद्दल इथे कुणाचीही नोकरी जाणार नाही.

मोजले तर एकशेचोवीस भरले. चार शब्द जास्त. 'हार्दिक' होता एक, तो काढला. तीन राहिले, राहू दे, आज हात जरा नीट पुसतील लोक.

बेसिनवर कागद चिकटवायला गेले तेव्हा मामा खालून विचारत होते, "उद्या ८१३ च ना हो?"