करड्या पडद्यावरचे सुटे केस

इंग्लंडात लीड्सला मी पोर्ट्रेट रिटचिंगचं काम करते. इथल्या बऱ्याच गिऱ्हाइकांचे केस बारीक आणि फिकट तपकिरी असतात. फिकट करड्या पडद्यासमोर असा एखादा केस उडालेला असला तरी लांबून डोळ्यांत भरत नाही. आपल्याकडचे काळेभोर, जाड केस त्याच पडद्यावर शाईच्या रेघेसारखे उठून दिसतात. म्हणून बेळगावहून आलेल्या फोटोला मला जास्त वेळ द्यावा लागतो, आणि तो देताना मला आनंदच होतो.

परवा शहापुरातल्या मावसभावाने खानापूरच्या एका मुलीचा स्थळासाठी काढलेला फोटो पाठवला. मधोमध भांग, सैल वेणी, अबोलीचा गजरा, मागे साधा करडा कागद. पावसाळी दमट हवेने केस फुलले होते. डोक्यावर आणि उजव्या कानामागे बारीक केसांचं जाळं झालं होतं. फोनवर त्याने सांगितलं, "ताई, सुटे केस तेवढे काढ की. पण विग घातल्यागत दिसू नये बघ."

त्याची भीती रास्त आहे. सगळे केस कडेपर्यंत साफ केले की डोक्याभोवती कापून काढल्यासारखी रेघ येते. खऱ्या केसांची कड तशी नसते. मध्ये ते दाट असतात, बाहेर येता येता विरळ होतात आणि शेवटी एकेकटे दिसतात. हा विरळपणा राखला तर फोटो खरा वाटतो. म्हणून मी लांब भरकटलेले केस पूर्ण काढते, मधल्या पट्ट्यातले आखूड करते आणि डोक्याला लागून असलेल्या केसांना हात लावत नाही.

फोटोशॉपमध्ये मी मूळ फोटोवर एक कोरा लेयर घेते आणि त्या लेयरचाच ब्लेंड मोड Lighten करते. मग Clone Stamp घेऊन Sample ला Current & Below निवडते. ब्रशचा मोड Normal राहू द्यायचा. ब्रशलाच Lighten लावला तर कोऱ्या लेयरवर त्याचा उपयोग होत नाही, कारण तुलना करायला त्या लेयरवर काहीच नसतं. लेयर Lighten असला की खालच्या फोटोपेक्षा उजळ असेल तेवढंच दिसतं. त्यामुळे काळा केस झाकला जातो आणि आजूबाजूचा कागद जवळपास जसाच्या तसा राहतो. मात्र ब्रश डोक्यावरच्या दाट केसांत घुसला तर तेही करडे होतात, तिथे Lighten वाचवत नाही.

नमुना कुठून उचलायचा हे सगळ्यांत महत्त्वाचं. साधा पडदासुद्धा एकसारखा नसतो. या फोटोत डोक्यामागे तो उजळ होता आणि कोपऱ्यांकडे काळवंडत गेला होता. डोक्यापासून केस जितक्या अंतरावर, तितक्याच अंतरावरून, कडेला समांतर सरकून नमुना घ्यायचा. किंचित गडद मिळाला तर उत्तम, कारण मग फक्त केस जातो. उजळ नमुना घेतला तर तिथे पांढुरका डाग पडतो.

मधल्या पट्ट्यात टोकाकडून मुळाकडे यायचं. मऊ ब्रशची ऑपॅसिटी हळूहळू कमी करत मुळाशी थोडा केस सोडून द्यायचा, म्हणजे तो निमुळता होऊन संपतो. सगळे एकाच लांबीवर थांबवले तर पुन्हा रेघ दिसते, म्हणून कुठे बोटभर, कुठे नखाएवढा सोडते. Healing Brush कडेजवळ वापरत नाही. तो आजूबाजूचा रंग मिसळतो, आणि शेजारी काळे केस असले की कागदावर धुरकट काळपट डाग उमटतो. कपाळावर आलेल्या एकुलत्या केसाला तो चांगला. गजऱ्यावरून गेलेले दोन केस मी तसेच ठेवले, फुलांत ते शोभत होते.

शेवटी वर एक तात्पुरता Curves लेयर टाकून कॉन्ट्रास्ट खूप वाढवते. एरवी न दिसणारे डाग आणि ब्रशच्या खुणा लगेच वर येतात. त्या दुरुस्त करून तो लेयर काढून टाकते आणि आधी शंभर टक्क्यांवर, मग पूर्ण फोटो एकदम बघते. लांबून डोक्याचा आकार कापल्यासारखा दिसला, तर एक-दोन पिक्सेलच्या ब्रशने, केसांतलाच गडद तपकिरी उचलून, वाढीच्या दिशेने चार-पाच केस परत काढते. शुद्ध काळा रंग वापरला तर ते चिकटवल्यासारखे दिसतात.

ही रीत गडद केस आणि फिकट पडदा असेल तेव्हाचीच. मागून दिवा लागून काळ्या पडद्यावर केस चमकत असतील तर लेयर Darken करायचा आणि नमुना किंचित उजळ घ्यायचा. राजहंसगडावर काढलेल्या फोटोत मागे दगड, गवत, आभाळ असतं, तिथे दोन्ही मोड कुचकामी ठरतात. तिथे एकेक केस हातानेच काढावा लागतो. भावाला मी एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी फोटोआधी कंगव्याला खोबरेल तेलाचा हलका हात लाव आणि मागचा दिवा थोडा कमी कर, अर्धे केस तिथेच बसतील.