चष्म्याच्या दुकानाचा आठ ओळींचा ब्रीफ

"प्रीमियम दिसलं पाहिजे. काळा-सोनेरी. आणि गिऱ्हाईक म्हणाल, तर सगळेच."

चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी प्रश्नावलीत एवढंच लिहून पाठवलं होतं. जाहिरातीचं चित्र एआयवर बनवायचं होतं. याच शब्दांवर प्रॉम्प्ट लिहिला असता, तर काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारी एक फ्रेम मिळाली असती. तीही त्यांच्या दुकानात नसलेली.

म्हणून फोन केला. 'सगळेच' या उत्तरावर पुन्हा 'कोण' विचारून काही हाती लागत नाही, माणूस तेच उत्तर जरा मोठ्या आवाजात देतो. बिलबुक उघडायला सांगितलं आणि शेवटची दहा बिलं वाचून घेतली. दहातले सहा चष्मे लहान मुलांचे निघाले, त्यातले चार पहिलेच. मग विचारलं, "पालक काय म्हणतात?" "हा घालणार नाही हो, हेच." काळा-सोनेरी तिथेच गळला.

आता 'विश्वास' राहिला होता. फोनवर हा शब्द त्यांनी तीनदा वापरला होता. अशा वेळी मी कागदाचे दोन भाग करते. डावीकडे मालकांचे शब्द जसेच्या तसे, उजवीकडे त्यातलं डोळ्यांना दिसेल तेवढंच. 'विश्वास'समोरची जागा रिकामी राहिली, कारण विश्वासाचा फोटो निघत नाही. एआय मॉडेलला तो शब्द दिला, तर बहुधा हस्तांदोलन करणारी सुटाबुटातली माणसं येतात. म्हणून विचारलं, "चष्मा बरोबर बसलाय, हे तुम्हाला कशावरून कळतं?" ते म्हणाले, "पोरगं बाहेर बघतं आणि समोरची पाटी वाचून दाखवतं. कधी म्हणतं, झाडाला पानं वेगवेगळी आहेत की!"

चित्र सापडलं. पाटी मात्र सोडली, कारण चित्रात मॉडेलने काढलेली अक्षरं, विशेषतः देवनागरी, बरेचदा मोडकी येतात. झाड ठेवलं. मालकांना पाठवलेला ब्रीफ असा होता:

कोणासाठी: मुलाला पहिल्यांदाच चष्मा लागलेले पालक.
त्यांची धास्ती: मूल चष्मा घालणारच नाही.
सांगायची एकच गोष्ट: स्पष्ट दिसू लागलं, की मूल स्वतःच चष्मा काढत नाही.
चित्र: आठेक वर्षांचं मूल खिडकीतून जवळच्या झाडाची पानं न्याहाळतंय, मागे आई.
भाव: नवल. खदखदून हसणं नाही.
नको: चकचकीत शोरूम, डॉक्टरी कोट, कुठलीही अक्षरं.
जागा: फोनवरची उभी स्टोरी, १०८० × १९२० पिक्सेल. वर-खाली साधारण २५० पिक्सेलमध्ये महत्त्वाचं काही नको, तिथे ॲपची बटणं येतात.
नंतर बसवायचं: दुकानाचं नाव, फोन नंबर, मजकूर.

मालकांनी एकच ओळ बदलली. "आईच कशाला? आमच्याकडे आजोबाच जास्त येतात." चौथ्या ओळीत आजोबा आले. हा बदल चित्रं झाल्यावर सुचला असता, तर सगळी पुन्हा काढावी लागली असती. त्यांचा होकार येईपर्यंत प्रॉम्प्टचा एक शब्दही लिहिला नव्हता.

प्रॉम्प्टला मग वेळ लागला नाही. चौथ्या-पाचव्या ओळीतून विषय आणि हालचाल घेतली. प्रकाश खिडकीतून येणारा, सकाळचा. जागेच्या ओळीवरून चौकट ९:१६ ठरली आणि मुलाच्या डोक्यावर मजकुरासाठी मोकळी भिंत सोडायला सांगितली. 'नको'ची ओळ जशीच्या तशी उतरवली नाही. वर्णनात 'पाटी नको' लिहिलं, की पुष्कळदा पाटीच उगवते. त्याऐवजी असायला हवं ते लिहिलं: खिडकीबाहेर फक्त झाड. काही साधनांत नकोशा गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, तिथे ही ओळ चालते.

फ्रेमचं वर्णन मुद्दाम टाळलं. मॉडेलने काढलेली फ्रेम दुकानात नसणार, आणि गिऱ्हाईक येऊन नेमकी तीच मागणार. म्हणून मूल पाठीमागून तिरकं, चष्म्याची एक दांडी आणि काचेची कडा दिसेल एवढंच. खरी फ्रेम दाखवायची असती, तर तिचा फोटोच लागला असता.

चार चित्रं निघाली, ती ब्रीफच्या ओळींशी ताडून पाहिली. एकात मूल कॅमेऱ्याकडे बघत होतं. दिसायला तेच सर्वांत गोड होतं, पण चौथी ओळ मोडत होती, म्हणून बाद. दुसऱ्यात चष्म्याची दांडी कानावर न टेकता केसांत विरून गेली होती. तिसऱ्यात आजोबांचा हात मुलाच्या खांद्यावर सहा बोटांनी टेकला होता.

चौथं मालकांना पाठवलं. त्यांनी मोठं करून पाहिलं आणि म्हणाले, "काच बिननंबरी आहे. मायनस नंबर असता, तर काचेतून गालाची कड जरा आत सरकलेली दिसली असती." बरोबर होतं. ब्रीफमध्ये तशी ओळ नव्हती, आणि फोनच्या आकारात ते दिसणारही नव्हतं. "राहू द्या," तेच म्हणाले, "आजोबा छान आलेत."