तूट, टूट आणि तेरा हजार दोनशे रुपये

वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्याचे हिंदी मेल मी अधूनमधून बघून देते. शाळेत वर्षानुवर्षं हिंदी शिकवलं, निवृत्तीनंतर हे काम आपसूक आलं. पण मला बोलावतात ते गाडं अडल्यावर. एरवी ऑफिसातला मुलगाच उत्तरं टाइप करतो. मुलगा हुशार आहे, जीएसटीचे कागद झोपेतसुद्धा भरील, पण त्याची हिंदी सिनेमातून आलेली. लिपी एकच, शब्दही ओळखीचे, मग त्यात शिकायचं काय, असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. इंग्रजी मेल आला की चारजण एकमेकांना विचारतात. हिंदी मेल कुणीच कुणाला दाखवत नाही.

त्या दिवशी मालकांचा फोन आला तो तापूनच. "बाई, ह्या कानपूरवाल्यान आमच्या पत्रातलो आकडोच बदलल्यान. तुमी येवन बघा."

गेले. आधी सगळे मेल तारखेच्या क्रमाने छापून घेतले, कारण अशा भांडणाचं मूळ शेवटच्या मेलमध्ये क्वचित असतं. व्यवहार साधा होता. 320 नंबरचा अख्खा गर, म्हणजे एका पौंडात साधारण तीनशे ते तीनशेवीस दाणे बसतील एवढा. दहा किलोचे 200 डबे, एकूण दोन हजार किलो. पाच टक्क्यांपर्यंत तुकडा चालेल, असं आधीच ठरलेलं.

माल पोचल्यावर व्यापाऱ्याचा पहिला मेल: "माल में टूट तय सीमा से अधिक है।" टूट म्हणजे मोड, तुटलेले दाणे. मुलाने वाचलं ‘तूट’. त्याला वाटलं, तिकडची माणसं त च्या जागी ट लिहीत असतील. तूट म्हणजे वजनात कमी, आणि वजन तर काट्यावर चोख भरलेलं. त्याने वजनकाट्याच्या पावत्या स्कॅन करून जोडल्या आणि लिहिलं, "माल में कोई टूट नहीं है, रसीद देखिए।" आता कानपुरातल्या माणसाच्या जागी बसून बघा. त्याच्यासमोर फुटका काजू पडलाय, आणि वेंगुर्ल्याहून काट्याच्या पावत्या दाखवून सांगतायत की काहीच फुटलेलं नाही.

त्याने पाच डबे उघडले, प्रत्येकातला नमुना वेगळा काढून निवडला, तुकडा वजन केला आणि सरासरी अकरा टक्के आल्याचं फोटोंसकट कळवलं. शेवटी लिहिलं, "हमें इस पर आपत्ति है।" हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. मुलाने मालकांना सांगितलं, त्यांच्याकडे काहीतरी आपत्ती आलीय. मालक माणूस मऊ. गोदामात पाणीबिणी शिरलं असेल, असं वाटून त्यांनी सांत्वनाचं वाक्य घालायला सांगितलं, आणि मेल गेला: "आपकी आपत्ति के लिए हमें बहुत दुख है।" तुम्ही हरकत घेतलीत याचं आम्हाला फार वाईट वाटतं! तिकडे हा टोमणा म्हणूनच वाचला गेला. फोटो मात्र इथे कुणी उघडूनही पाहिले नव्हते. याचा मला शब्दांहून जास्त राग आला.

मी ते उघडले. मालकांनी एकच फोटो मोठा करून बघितला आणि गप्प झाले. मग म्हणाले, "बोरम्यात जास्त र्‍हवलो." बोरमा म्हणजे गर सुकवायची गरम हवेची खोली. तिथे गर प्रमाणाबाहेर सुकला की ठिसूळ होतो, सोलताना आणि नंतर प्रवासातही पाकळ्या सुटतात. भरण्याआधी त्याला थोडी ओल परत द्यावी लागते. ती दिली नव्हती, हे त्यांना फोटोवरूनच कळलं.

पण ते आत्ता. वीस मेल होऊन गेल्यावर, भांडण वाढू नये म्हणून, त्यांनी आधीच तडजोड देऊ केली होती. मराठीत सांगितलं ते असं: "नऊ हजार रुपये सूट देतो, पत्रावर सही करून पाठवा." मुलाने लिहिलं, "पत्र सही करके भेजिए।" हिंदीत सही म्हणजे बरोबर. व्यापाऱ्याने वाचलं, पत्र दुरुस्त करून पाठवा. आणि त्याने ते मनापासून केलं. नऊ हजारावर काट मारली, बाजूला 13,200 लिहिलं आणि खाली हिशोब मांडला. ठरलेल्या पाच टक्क्यांवर सहा टक्के जास्त तुकडा, म्हणजे 120 किलो. अख्ख्या आणि तुकड्याच्या भावात किलोला 110 रुपयांचा फरक. गुणाकार 13,200. स्वाक्षरी कुठेच नाही, कारण ती कुणी मागितलीच नव्हती.

हिशोब मी दोनदा ताडून पाहिला. बिनचूक होता. नऊ हजार हा आकडा कुठून आला, असं मालकांना विचारलं तर म्हणाले, "मनान धरलंय."

मग नवा मेल मी लिहिला. माझी पद्धत अशी, की मराठी आणि हिंदीत एकसारखे दिसणारे शब्द आधी पेन्सिलीने अधोरेखित करायचे. वेगळे दिसणारे शब्द आपण शोधून घालतो, त्यामुळे ते सहसा फसवत नाहीत. शाळेच्या पुस्तकातल्या शिक्षा आणि चेष्टा यांच्या याद्या इथे फारशा उपयोगाच्या नाहीत. ते शब्द चुकले की वाक्यच हास्यास्पद होतं आणि लगेच पकडलं जातं. चूक होऊनही वाक्य नीट उभं राहतं, तिथेच खरा घोळ. मालकांनी पुढे सांगितलं, "पुढल्या खेपेक साधारण पन्नास डबे धाडतलंव." मुलाने ‘साधारण’ तसंच ठेवलं असतं. हिंदीत त्याचा अर्थ सामान्य, तेव्हा कानपूरवाल्याने ते हलक्या दर्जाचे पन्नास डबे समजून भाव पाडून मागितला असता. मी ‘लगभग’ घातलं. सहीच्या जागी ‘हस्ताक्षर’ लिहिलं, आणि तुकड्यासाठी व्यापाऱ्याचाच ‘टूट’ ठेवला, कंसात ‘टूटे दाने’ लिहून.

दोन दिवसांनी स्वाक्षरीसकट पत्र आलं, 13,200 रुपयांचं. मालकांनी क्रेडिट नोट काढायला सांगितली आणि मला विचारलं, "बाई, तेव्हाच ‘हस्ताक्षर’ लिवलां असतां तर तो नऊ हजारार गप ऱ्हवलो असतो?"

मला उत्तर सुचलं नाही. कदाचित राहिला असता, भांडणाला कंटाळून. कदाचित चिडून माल परत धाडला असता, मग गाडीभाडंच नऊ हजाराच्या वर गेलं असतं. चुकीच्या शब्दामुळे त्याने हिशोब मांडला, आणि हिशोब खरा निघाला. म्हणजे मुलाच्या चुकीने मालकांचं नुकसान झालं की न्याय झाला, हे मला अजून ठरवता येत नाही. मालकांनी मात्र ठरवून टाकलंय. 4,200 रुपये आपण हिंदीपायी घालवले, असं ते सगळ्यांना सांगतात. बोरम्याचा उल्लेख त्यात नसतो.